न वाचलेले एकशे सत्त्याऐंशी

कारवार जिल्ह्यातल्या जोयड्यात तहसील कचेरीच्या वळणावर रूपालीचं ऑनलाइन सेंटर आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, झेरॉक्सचं मशीन आणि बाहेर गिऱ्हाइकांना बसायला लाकडी बाक. रूपालीचं माहेर रामनगरचं. लग्न होऊन जोयड्याला आली, आणि नवरा कैग्याच्या अणुवीज केंद्रात नोकरीला लागल्यावर घरात बसून काय करायचं म्हणून तिनं हे सेंटर काढलं. त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

या नऊ वर्षांत तालुक्यातल्या निम्म्या लोकांचे फॉर्म तिच्या हातून गेले असतील. रेशन कार्ड, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, बारावीचा निकाल. फॉर्ममध्ये ईमेलचा रकाना आला की समोरचा माणूस तिच्याकडे बघायचा. मेल कुणाकडे असणार? गुंदचे, अणशीचे, जंगलातल्या वाड्यांचे लोक. घरात मोबाइल असला तरी रेंज नाही, आणि मेल म्हणजे काय ते सांगण्यात अर्धा तास जायचा. मग रूपाली आपलाच मेल टाकायची. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवा मेल उघडला तर त्याचा पासवर्ड कोण लक्षात ठेवणार? एकाच मेलवर सगळं आलं तर निदान बघता येतं.

तसं ते येत राहिलं. पण जिथं जिथं तिनं मेल टाकला तिथून आणखी काय काय यायला लागलं. कुणाचं एकदा बसचं तिकीट काढलं होतं, ती कंपनी आता रोज सवलती कळवायची. कुणासाठी साडी मागवली, त्या दुकानाचे दिवसाला तीन मेल. विमेवाले, कर्जवाले, इंग्रजी शिकवणारे, नोकरी लावून देतो म्हणणारे. मेल उघडला की एकेचाळीस हजार न वाचलेले, असा आकडा दिसायचा आणि रूपाली तो न बघितल्यासारखं करून वरचे चार-पाच बघायची.

गुंदचा कान्हू तिच्याकडे पहिल्यांदा आला तो गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत. सोबत बायको बाळी आणि साडेचार वर्षांची रक्षा. हुबळीतल्या एका संस्थेनं जोयड्यात कानांची तपासणी ठेवली होती, तिथून ते सरळ सेंटरवर आले होते. रक्षाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. चार वर्षांची होईपर्यंत घरातल्यांना वाटत होतं की पोरगी उशिरा बोलणारी आहे. अंगणवाडीच्या बाईंनी तिच्या पाठीमागे ताट आपटून बघितलं, तेव्हा कळलं.

संस्थेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की कानाच्या आत यंत्र बसवायचं ऑपरेशन करता येईल, फुकट. पण त्यासाठी नाव नोंदवायचं, तपासण्या करायच्या, आधी काही महिने कानामागचं मशीन लावून बघायचं. त्याचा उपयोग झाला नाही तरच ऑपरेशन. आणि ऑपरेशनच्या दिवशी पोर सहा वर्षांच्या आतली पाहिजे. त्यानंतर संस्था करत नाही.

"जन्मतारीख?" रूपालीनं विचारलं.

"दोन सप्टेंबर," बाळीनं सांगितलं. तिला ती पाठ होती.

मोबाइल नंबराच्या रकान्यात कान्हूचा नंबर गेला. मेलच्या रकान्यात रूपालीचा.

त्यानंतर दीड वर्ष ते लोक येत राहिले. हुबळीला एक तपासणी झाली, रक्षाला झोपवून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते यंत्रावर बघितलं. मशीन लावलं. त्यानं काही झालं नाही. रक्षा ते मशीन कानावरून काढून खिशात ठेवायची. स्कॅन झालं, लशी झाल्या. प्रत्येक वेळी तारीख रूपालीच्या मेलवर यायची, आणि रूपाली ती छापून, तारखेखाली लाल रेघ मारून कान्हूच्या हातात द्यायची. शेवटची तपासणी मेमध्ये झाली. "सगळं बरोबर हाय म्हणाले," कान्हूनं येऊन सांगितलं. "आता निस्ती ऑपरेशनची तारीख. मेल करत्यात म्हणे."

त्या दिवशी बाळीनं रक्षाला बाकावर उभं करून तिचे केस विंचरले होते आणि रूपालीला विचारलं होतं, "अक्का, तिथं क्यास कापत्यात व्हय?"

"कानामागचे थोडे कापत असतील. येतील परत."

बाळी हसली होती.

जूनपासून मेलच्या वर एक लाल पट्टी दिसायला लागली. जागा संपत आली आहे. रूपालीनं दोन-तीनदा मोठ्या मेलांची यादी काढून खोडली, पण तेवढ्यानं काही होईना. एकोणीस जुलैला उमाजी नावाच्या एका शेतकऱ्याचा पोरगा रडवेला होऊन आला. त्याच्या कॉलेजनं प्रवेशाचा कागद मेलवर पाठवला होता, तो परत गेला होता. मेलबॉक्स भरला आहे म्हणून. कॉलेजनं फोन करून सांगितलं म्हणून निभावलं. रूपालीनं कॉलेजला तिच्या नवऱ्याचा मेल दिला, कागद मागवला, पोराची माफी मागितली. पण तिला दिवसभर चैन पडलं नाही. आज याचा गेला, उद्या आणखी कुणाचा जाईल.

संध्याकाळी नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या हाफिसातले सगळे एक ॲप वापरतात. नको ते मेल एका झटक्यात काढतं. लिंक पाठवतो."

वीस जुलैला सकाळी सेंटर उघडल्यावर तिनं ते ॲप घेतलं. बाहेर पाऊस कोसळत होता, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. ॲपनं परवानगी मागितली, तुमचे मेल वाचायची, हलवायची, खोडायची. तिनं दिली. मग एक गोल फिरत राहिला, वीस-पंचवीस मिनिटं. आणि त्यानंतर जे दिसलं ते बघून तिला खरंच बरं वाटलं. एवढी वर्षं जो ढीग तिच्या अंगावर पडून होता तो कुणीतरी वेगवेगळा करून मांडून ठेवला होता. कोणाकडून किती मेल आले, त्यातले तिनं किती उघडले, शेवटचा कधी आला. प्रत्येक पाठवणाऱ्याची एक ओळ. ओळीपुढे दोन बटणं, ठेवा आणि अनसब्स्क्राईब. अनसब्स्क्राईब केलं की ॲप त्या कंपनीला आपल्या वतीनं कळवणार, आता पाठवू नका. आणि आधीचे सगळे मेल कचऱ्यात टाकणार.

चारशेवर पाठवणारे होते. तिनं एकेक ओळ वाचायला सुरुवात केली. सरकारी खाती ठेवली. बँका ठेवल्या. कॉलेजं, विद्यापीठं, परीक्षा मंडळं ठेवली. साडीचं दुकान काढलं. बसवाले काढले. पन्नास-साठ ओळी तिनं अशा नीट बघितल्या. मग दिवे एकदा गेले, इन्व्हर्टर चालू झाला. इन्व्हर्टर फार वेळ टिकत नाही हे तिला माहीत होतं.

ॲपच्या वरच्या बाजूला एक गट होता. क्वचितच वाचलेले: एकशे सत्त्याऐंशी. हे सगळे एकदम काढा.

तिनं माउसच्या चाकावर बोट फिरवत तो गट बघितला. नावं वर सरकत गेली. अमुक ऑफर, तमुक सेल, करिअर, लोन, हेल्थ टिप्स, गिव्ह साउंड, होम डेकोर. ओळखीचं काही वाटलं नाही. तिनं सगळे एकदम काढा दाबलं.

दहा मिनिटांत अठ्ठावीस हजार मेल कचऱ्यात गेले. लाल पट्टी मात्र तशीच होती. मग तिनं ॲपमध्येच वाचलं की कचऱ्यातले मेल तीस दिवस राहतात आणि तोवर जागा अडवतातच. जागा मोकळी हवी तर कचरा आत्ता रिकामा करा. हे कायमचं आहे, परत येणार नाही, अशी ताकीद आली. तिनं ती वाचली. तिला त्या मेलांतलं काही परत नकोच होतं.

पट्टी गेली. मेल उघडला की आता फक्त कामाचं दिसत होतं. तिनं चहा केला आणि उमाजीच्या पोराला फोन करून सांगितलं की आता काळजी करू नको, कुणी काही पाठवलं तर पोचेल.

सत्तावीस जुलैला कान्हू आला. ओला झालेला, डोक्यावर प्लास्टिकचा कागद.

"मेल आलं काय बाई?"

रूपालीनं त्याच्यादेखत शोधलं. संस्थेचं नाव टाकलं. तपासण्यांच्या तारखांचे जुने मेल दिसले, संस्थेच्या दवाखान्याच्या पत्त्यावरून आलेले, मेपर्यंतचे. नवं काही नव्हतं. "न्हाई कान्हूदादा. आलं की मी कळवते."

"कळवनार कसं? माजा मोबाइल बंद हाय. रिचार्ज मारलं न्हाई, सिम गेलं." तो हसला. "गुंदात त्येचा उपेग काय. मीच येतो."

बारा ऑगस्टला तो पुन्हा आला. रोपं लावून झाली होती, त्याच्या पायांना अजून चिखल होता. पुन्हा तेच. रूपालीनं शोधलं, नव्हतं. "मोठ्या संस्था असत्यात, उशीर होतो," ती म्हणाली. तिला तसंच वाटत होतं.

सव्वीस ऑगस्टला बाळी त्याच्याबरोबर आली, रक्षाला घेऊन. बाळी बाकावर बसली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "अक्का, सात दिस ऱ्हायले. एक फोन तरी लाव."

रूपालीनं फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. तिकडे भाग्यलक्ष्मी म्हणून एक बाई होत्या, संस्थेत ऑपरेशनच्या तारखा त्याच बघायच्या. रूपालीनं कन्नडमध्ये रक्षाचं नाव, गाव, नोंदणीचा नंबर सांगितला. पलीकडे कीबोर्डचा आवाज आला.

"आठ ऑगस्टला हिचं ऑपरेशन होतं," भाग्यलक्ष्मी म्हणाल्या. "तुम्ही आला नाहीत."

"आम्हाला कळवलंच नाही कुणी."

"सोळा जुलैला मेल गेलाय. फोन केले, नंबर बंद. माणूस पाठवायचा तर पत्ता जंगलातला, त्या पावसात कोण जाणार? आम्ही एक तारखेपर्यंत वाट बघितली आणि जागा पुढच्या मुलीला दिली."

कान्हूला कन्नड येत होतं. फोन स्पीकरवर नव्हता, पण रूपालीच्या तोंडाकडे बघून तो उठून उभा राहिला.

"मॅडम, अजून सात दिवस आहेत. दोन तारखेला सहा पूर्ण होतात. त्याच्या आत काही होईल का?"

"इथं या," भाग्यलक्ष्मी म्हणाल्या. "फोनवर मी काही सांगू शकत नाही."

अठ्ठावीसला पहाटे पहिल्या बसनं ते चौघं निघाले. रूपालीनं सेंटर बंद ठेवलं. तिनं यायची गरज नव्हती, पण ती न जाऊन घरी बसूच शकली नसती. दांडेलीला बस बदलली, मग हल्याळ, धारवाड, हुबळी. रक्षा खिडकीशी बसून बाहेरची झाडं मोजत असल्यासारखं बोट हलवत होती. बाळीनं तिला नवा फ्रॉक घातला होता. ऑपरेशन झालं तर राहावं लागेल म्हणून एका पिशवीत दोन दिवसांचे कपडे, एक चादर आणि तांदूळ घेतले होते. कान्हू रस्ताभर एकच बोलला. "मशीन काय, लगेच मिळंल, दवाखान्यात ठिवलेलं आसल."

संस्थेच्या इमारतीत भिंतीवर रंगीत फुलपाखरं काढली होती. डोक्याला पट्टी बांधलेली दोन मुलं बाकावर बसून बिस्किटं खात होती. त्यातल्या एकाच्या आईनं मागून हाक मारली आणि त्यानं वळून बघितलं. बाळी त्या मुलाकडे बघत राहिली.

भाग्यलक्ष्मी चांगल्या बाई होत्या. त्यांनी आधीच सर्जनना विचारून ठेवलं होतं. सर्जन बंगळूरहून महिन्यातून दोन दिवस येतात, आता ते पंधरा सप्टेंबरला येणार. यंत्र नावानं मागवलेलं असतं, रक्षाच्या नावाचं यंत्र आठ तारखेला दुसऱ्या मुलीला बसवलं. नवं यायला दोन आठवडे. पैसे देणाऱ्या कंपनीची अट सहा वर्षांची. त्यांनी कंपनीला परवा मेल करून विचारलं होतं, तेरा दिवसांची सूट द्याल का. उत्तर आलं होतं. त्यांनी ते स्क्रीनवर दाखवलं. दोन ओळींचं होतं.

"एकाला दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल, असं म्हणतात," त्या म्हणाल्या.

"सरकारी?" रूपालीनं विचारलं.

"तिथंही वयाची अट आहे. मी चौकशी केली."

"आनि पैशे भरून?" कान्हूनं विचारलं.

भाग्यलक्ष्मींनी आकडा सांगितला. कान्हूनं मान खाली घातली. तो आकडा त्याच्या समजुतीच्या पार पलीकडचा होता.

थोड्या वेळानं रूपालीनं विचारलं, "मॅडम, सोळा तारखेचा मेल तुमच्याकडं दिसतो का? माझ्याकडं तो आलाच नाही."

भाग्यलक्ष्मींनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. मेल पाठवायच्या त्यांच्या सिस्टिममध्ये रूपालीचा पत्ता होता आणि त्याखाली तारखा. सोळा जुलै, पोचला, उघडला नाही. त्याखाली आणखी एक ओळ होती. वीस जुलै, सकाळी अकरा बेचाळीस, अनसब्स्क्राईब्ड. त्याखाली चोवीस जुलै, पाठवला नाही. एकतीस जुलै, पाठवला नाही.

"आठवणीचे मेल आपोआप जातात," भाग्यलक्ष्मी सांगत होत्या. "पण समोरच्यानंच नको म्हणून कळवलं असेल तर सिस्टिम पाठवत नाही. या जूनमध्ये ऑफिसनं सगळं एकाच पत्त्यावर आणलं. देणग्यांचं आवाहन, महिन्याचं पत्र आणि तारखा, सगळं त्याच यादीवरून जातं. मी सांगितलं होतं की तारखा वेगळ्या ठेवा म्हणून." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "मोहिमेचं नाव दिसतं पाठवणारा म्हणून. गिव्ह साउंड."

रूपालीला ते नाव दिसलं. बोटाखालून वर सरकत गेलेलं. हेल्थ टिप्स आणि होम डेकोरच्या मध्ये.

"अनसब्स्क्राईब म्हंजे काय?" कान्हूनं विचारलं.

त्याचा प्रश्न भाग्यलक्ष्मींना होता, पण त्यांनी रूपालीकडे बघितलं. रूपालीला वाटलं, आत्ता काहीही सांगता येईल. मशीनचं काहीतरी, सिस्टिमचं काहीतरी. कान्हूनं ते ऐकून घेतलं असतं.

"म्हंजे आम्हाला तुमचे मेल नकोत असं कळवणं," ती म्हणाली. "माझा मेल भरला होता. जाहिराती लई येत होत्या. मी एक ॲप घेतलं आणि नको ते सगळे काढून टाकले. त्यात हे गेलं. तारखेचा मेल आला होता कान्हूदादा. मी बघितला नाही. नंतर कचरा पण मीच रिकामा केला."

कान्हू तिच्याकडे बघत राहिला. त्याला राग आला आहे की काय, हे तिला कळेना.

"तुम्ही काडलं," तो म्हणाला.

"व्हय."

"वाचलं न्हाई."

"न्हाई."

बाळीला यातलं किती कळलं होतं कोण जाणे. ती रक्षाला मांडीवर घेऊन बसली होती आणि रक्षा टेबलावरच्या प्लास्टिकच्या कानाच्या मॉडेलात बोट घालत होती. आतली गोगलगाईसारखी नळी निघून बाहेर आली, ती तिनं हसत आईला दाखवली. भाग्यलक्ष्मींनी ती परत बसवली.

निघताना त्यांनी एक कागद दिला. धारवाडला मुक्या-बहिऱ्या मुलांची निवासी शाळा आहे, तिथं खुणांची भाषा शिकवतात, जूनमध्ये प्रवेश. बाळीनं कागद घेतला नाही. "मी पोरीला सोडून न्हाई ऱ्हानार," ती म्हणाली. कान्हूनं घेतला, घडी करून खिशात ठेवला.

परतीच्या बसमध्ये रूपाली त्यांच्या मागच्या सीटवर बसली. धारवाडला कान्हूनं स्वतःच तिच्यासाठी चहा आणला, त्याचे पैसे तिला देऊ दिले नाहीत. तिनं तो चहा प्याला. त्यानं एखादी शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं, असं नंतर तिनं नवऱ्याला सांगितलं. जोयड्याला उतरले तेव्हा गुंदची गाडी लागलेली होती. बाळी मागे न बघता चढली. कान्हू म्हणाला, "येतो बाई," आणि रक्षाला उचलून आत दिलं.

त्या आठवड्यात रूपालीनं जमेल ते सगळं केलं. ॲप उघडून काढलेल्यांच्या यादीत जाऊन गिव्ह साउंडपुढे पुन्हा ठेवा असं दाबलं. त्यानं एवढंच झालं की यापुढे मेल आले तर ते कचऱ्यात जाणार नाहीत. संस्थेच्या यादीत नाव परत घालणं ॲपच्या हातात नव्हतं. मेल कंपनीच्या मदतीच्या पानावर तिनं लिहून पाठवलं, खोडलेले मेल परत मिळतील का. उत्तर आलं की एवढे दिवस झाल्यावर नाही. मिळाले असते तरी त्याचं ती काय करणार होती ते तिलाही सांगता आलं नसतं. मग तिनं ॲपला दिलेली परवानगी काढून घेतली आणि ॲप खोडलं. पण जे एकशे सत्त्याऐंशी गेले होते त्यांत आणखी कुणाचं काय गेलं, हे तिला आता कधीच कळणार नव्हतं. प्रत्येक गिऱ्हाईक दारात आलं की ती आधी त्याच्या तोंडाकडे बघायची, हा काय विचारायला आलाय म्हणून.

सेंटरच्या भिंतीवर तिनं एक कागद लावला. मेल स्वतःचा आणावा. लोक तो वाचायचे आणि तिच्याकडे बघून म्हणायचे, "आमच्याकडं कुठलं मेल बाई, तुमचंच घाला." दोन दिवस तिनं नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी पेन्शनच्या फॉर्मसाठी अणशीहून दोन बस बदलून आली होती. रूपालीनं तिच्या फॉर्ममध्ये आपला मेल टाकला. मग कागद काढून टाकला.

जाहिराती परत यायला लागल्या. आता ती प्रत्येक मेल उघडून वाचायची. साडीचा सेल, कर्जाची ऑफर, नोकरीची थाप, सगळं शेवटच्या ओळीपर्यंत. रोज दोन-अडीच तास जायचे. तरी ते पुरत नव्हतं, कारण येणारे मेल तिच्या वाचण्यापेक्षा जास्त होते. ऑक्टोबरच्या शेवटी नव्यानं साचलेल्या, न वाचलेल्या मेलांचा आकडा नऊशेवर गेला.

कान्हू पुन्हा सेंटरवर आला नाही. अपंगत्वाच्या दाखल्याचा फॉर्म त्यानं बसस्टँडजवळच्या दुसऱ्या सेंटरमधून भरला आणि रक्षाला कारवारच्या दवाखान्यात दाखवून आणलं, असं रूपालीच्या कानावर आलं. त्या दुसऱ्या सेंटरवाल्यानंच तिला सांगितलं. "तुझी गिऱ्हाइकं यायला लागलीत माझ्याकडं," तो चेष्टेनं म्हणाला.

नोव्हेंबरात कापणी झाल्यावर एके दुपारी बाळी आली. एकटीच. हातात मिरच्यांची पिशवी, बाजाराला आली असणार. सेंटरमध्ये दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत बाकावर बसून राहिली. रूपालीनं पाणी दिलं. तिनं तांब्या घेतला, प्याली नाही.

"रक्षा कशी हाय?"

"हाय," बाळी म्हणाली. "रानात न्हेत न्हाई आता तिला. मागनं हाक मारून उपेग न्हाई. परवा गव्याचा कळप आडवा आला तर आम्ही वरडतोय आनि ही फुलं तोडाय लागलीया. ह्यांनी पळत जाऊन उचलली."

रूपाली खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली.

"त्या धारवाडच्या शाळेत घालायचं न्हाई म्हटलं मी. ह्ये म्हनत्यात घालूया. जूनला बघूया म्हनत्यात." बाळीनं पदरानं तोंड पुसलं. मग ती ज्यासाठी आली होती ते तिनं विचारलं. "अक्का, तू शिकलेली हाईस, डॉक्टरास्नी बोललीस. खरं सांग. त्ये मशीन बसलं असतं तर ती ऐकली असती? आई म्हटली असती? का त्येंचं निस्तं बोलनं?"

रूपालीला कळलं की बाळी कोणतं उत्तर घेऊन घरी जायला आली आहे. निस्तं बोलनं, एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं. कुणाला ठाऊक, सगळ्यांना लागू पडत नाही, असं म्हणता आलं असतं. मग बाळी रात्रीची झोपली असती.

पण हुबळीच्या त्या बाकावरचं पोरगं आईच्या हाकेनं वळलं होतं, ते बाळीनंही बघितलं होतं.

"ऐकली असती," रूपाली म्हणाली. "बोलायला वर्ष-दोन वर्षं लागली असती. पण बोलली असती."

बाळीनं मान हलवली. तांब्या खाली ठेवला, मिरच्यांची पिशवी उचलली. दारातून बाहेर पडताना तिनं एकदा आत बघितलं, कॉम्प्युटरकडे, आणि मग स्टँडच्या दिशेनं निघाली, गाडी चुकेल म्हणून जरा घाईनं.